‘सर्वानुमते मंजूर’ कुठून आलं? एआयला लिहायचं कोणतं काम द्यावं, कोणतं नाही

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या कमिटी मिटिंगचं इतिवृत्त मी पहिल्यांदाच एआय चॅटबॉटकडून लिहून घेतलं. वहीतल्या माझ्या टिपा अशा होत्या: ‘गच्ची वॉटरप्रूफिंग. ३ कोटेशन – २.८०, ३.१०, ३.४५ लाख. ३०४ म्हणतात आत्ता नको, आधी टाकीची गळती बघा. पुढच्या मिटिंगला घेऊ.’ टिपा टाइप केल्या आणि अर्ध्या मिनिटात पानभर देखणं इतिवृत्त हातात. एरवी या कामात माझा रविवार जातो. वरवर नजर फिरवली आणि ग्रुपवर टाकून मोकळा झालो.

रात्री साडेनऊला ३०४ मधल्या काकांचा फोन. “सेक्रेटरी, मी ‘हो’ कधी म्हणालो हो?”

पुन्हा उघडून पाहिलं, तर शेवटची ओळ होती: ‘सविस्तर चर्चेअंती गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’ तीन कोटेशनचे आकडे बरोबर, तारीख बरोबर, भाषा माझ्यापेक्षा सरस. फक्त जे झालंच नव्हतं ते झालं म्हणून लिहिलेलं. काकांची समजूत काढली, सुधारित प्रत टाकली. पण ही एक ओळ नीट समजून घेतली, तर या यंत्राला कोणतं काम द्यायचं आणि कोणतं नाही याचा बराचसा उलगडा होतो.

### ‘नाचता येईना’ म्हटलं की पुढे काय?

तुमच्या मनात ‘अंगण वाकडं’ आलं असणार. त्यासाठी अंगण बघायला जावं लागलं नाही. हजारदा ऐकलंय, म्हणून आपोआप आलं.

चॅटबॉटच्या पोटात जे यंत्र असतं त्याला भाषा-मॉडेल म्हणतात. अफाट मजकूर वाचायला देऊन ‘इथपर्यंत हे लिहिलंय, आता पुढे काय येईल?’ एवढ्या एकाच प्रश्नावर ते घोटवून तयार केलेलं असतं. नंतर आपल्या प्रश्नाला धड उत्तर द्यावं, सूचना पाळाव्यात म्हणून त्याला आणखी शिकवणी होते. पण लिहिण्याची मूळ रीत तीच राहते. एक तुकडा लिहायचा, आतापर्यंतचं सगळं पाहायचं, पुढचा तुकडा ठरवायचा.

आता ‘सविस्तर चर्चेअंती गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव’ इथपर्यंत तुम्हीच लिहून पाहा. पेन पुढे कुठे जातं? जगातली निम्मी इतिवृत्तं ‘सर्वानुमते मंजूर’ याच स्टेशनवर थांबतात. यंत्राने खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. इतिवृत्त जसं असतं तसं त्याने लिहिलं. आमची मिटिंग मात्र तशी झाली नव्हती. गंमत अशी की त्याची भाषा इतकी सफाईदार येते ती ज्या सवयीमुळे, त्याच सवयीने ही ओळही आणली.

### कापड तुमचं, शिलाई त्याची

मी हल्ली एक खूणगाठ बांधली आहे. शिंप्याकडे कापड आणि माप घेऊन गेलात तर काम चोख होतं. उत्तराला लागणारा सगळा माल मी दिला आहे आणि यंत्राने फक्त तो नीट शिवायचा आहे, अशी कामं ते उत्तम करतं. त्रोटक टिपांचं इतिवृत्त, पाणी कमी येतं म्हणून वॉर्ड ऑफिसला द्यायचं पत्र, मराठी नोटीस भाडेकरूंसाठी इंग्रजीत, लांबलचक मेलचा चार ओळींत सारांश, ही सगळी शिलाईची कामं.

यातलं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं काम म्हणजे राग गाळणं. पार्किंगवरून वैतागून मी लिहिलं होतं: ‘काही सभासदांना कितीही सांगितलं तरी अक्कल येत नाही. यापुढे गाडी आडवी दिसली तर हवा काढली जाईल.’ हे टाकलं आणि सांगितलं की सौम्य कर, पण मुद्दा सोडू नकोस. आलं ते असं: ‘गेटसमोर आडवी गाडी लावल्याने अ‍ॅम्ब्युलन्स आणि पाण्याचा टँकर आत येऊ शकत नाही. कृपया गाडी नेमून दिलेल्या जागेतच लावावी. पुन्हा असं आढळल्यास विषय कमिटीपुढे ठेवला जाईल.’ टँकरचा मुद्दा माझ्या नोटिशीत नव्हता, तो त्याने पदरचा घातला. पण तो खरा होता आणि खरा आहे हे मला एका नजरेत कळलं. ठेवला.

हे ‘एका नजरेत कळणं’ फार महत्त्वाचं आहे. नोटीस चांगली झाली की वाईट, हे वाचून लगेच ठरवता येतं. इतिवृत्त मात्र वाचायला छान असूनही चुकीचं असू शकतं. म्हणून त्याची तपासणी वहीसमोर ठेवून करायची आणि नजर तीनच गोष्टींवर ठेवायची: आकडे, कोण काय म्हणालं आणि काय ठरलं. आता मी टिपांसोबत एक वाक्य देतोच: ‘टिपांमध्ये नसलेला निर्णय, सूचक किंवा अनुमोदक लिहू नकोस, जिथे माहिती कमी पडेल तिथे “माहिती हवी” असं लिही.’ याने फरक पडतो, नक्की पडतो. तरी पुढच्याच इतिवृत्तात ‘उपस्थितांनी समाधान व्यक्त केले’ हे आलंच. आमच्या मिटिंगमध्ये आजवर कोणी समाधान व्यक्त केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

### कापड न देता सदरा मागितला तर

शिंपी म्हणेल, आधी कापड आणा. भाषा-मॉडेल बहुतेक वेळा असं म्हणत नाही. ते सदरा आणून देतं. कुठल्या कापडाचा, हे विचारायचं आपलं काम.

एका सभासदाने विचारलं, पाळीव कुत्र्यांबद्दल उपविधीत काय आहे? मी चॅटबॉटला विचारलं. त्याने उपविधीचा क्रमांक दिला, त्यातला उपनियम दिला, मजकूर अवतरणचिन्हांत दिला. कपाटातून आमच्या सोसायटीची उपविधीची पुस्तिका काढली, तर त्या क्रमांकावर भलताच विषय. अवतरणातलं ते वाक्य पुस्तिकेत कुठेच नाही. उपविधीची वाक्यं कशी असतात हे त्याला चांगलं ठाऊक आहे, म्हणून वाक्य अगदी उपविधीसारखं होतं. पण ‘उपविधीसारखं’ वेगळं आणि उपविधी वेगळा.

याची सगळ्यात गाजलेली फजिती अमेरिकेत झाली. रॉबर्टो माटा नावाच्या प्रवाशाने एव्हियान्का या विमान कंपनीवर दावा लावला होता. विमानातल्या ट्रॉलीचा मार गुडघ्याला लागला, अशी तक्रार. त्याच्या वकिलांनी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात जे लेखी म्हणणं दिलं, त्यात जुन्या निकालांचे दाखले होते. विरुद्ध बाजूच्या वकिलांना ते निकाल सापडेनात. कारण ते अस्तित्वातच नव्हते. चॅटजीपीटीने रचलेले होते. खटल्यांची नावं, न्यायालयं, उतारे, सगळं ठाकठीक. त्यांतल्या एका वकिलाने चॅटबॉटला ‘हे खटले खरे आहेत ना?’ असं विचारलंही होतं. उत्तर आलं, हो. शेवटी कोर्टाने वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड केला.

कलम क्रमांक, शासन निर्णयाची तारीख, पुस्तकाचं पान, कोण काय म्हणालं त्याचे नेमके शब्द, गावातल्या दवाखान्याचा फोन नंबर, या सगळ्या गोष्टी एकाच जातीच्या. यांत ‘साधारण बरोबर’ असं काही नसतं. एक अंक हलला की सगळं चूक, आणि चुकीचा अंकही दिसायला बरोबर अंकासारखाच असतो.

### “पण मला तर बरोबर उत्तर मिळालं होतं!”

मिळालं असेल. जे हजारो ठिकाणी लिहिलेलं आहे ते त्याला सहसा बरोबर येतं. महाराष्ट्राची राजधानी विचारा, चुकणार नाही. तुमच्या तालुक्यात बाजार कोणत्या वारी भरतो हे विचारा आणि मग बघा. अडचण अशी की दोन्ही उत्तरांचा सूर सारखाच असतो. माणूस अंदाजे बोलत असला की अडखळतो, ‘बहुतेक’ म्हणतो, नजर चुकवतो. इथे ती खूणच नाही.

उलट विचारून खात्री करण्याचा मार्गही फसवा आहे. न्यूयॉर्कच्या वकिलाने तेच केलं होतं. हवं तर घरी एक प्रयोग करा. बरोबर आलेल्या उत्तरावर ठामपणे म्हणा, ‘हे चूक आहे.’ कधी कधी ‘क्षमस्व, आपलं बरोबर आहे’ म्हणून तो नवं, चुकीचं उत्तर देईल. समोरच्याला खूश ठेवण्याकडे त्याचा कल असतो, त्यामुळे त्याचं ‘हो’ म्हणजे पुरावा नव्हे.

आता बरेच चॅटबॉट इंटरनेटवर शोधून उत्तर देतात. ही खरोखर सुधारणा आहे, कारण निदान कापड तरी कुठून तरी येतं. पण ते कोणत्या दुकानातलं, हे लिंक उघडून बघावंच लागतं. गृहनिर्माण संस्थांबद्दल शोधलं तर पानामागून पान बिल्डर आणि सल्लागारांच्या जाहिरातवजा लेखांचं येतं, आणि त्यातले निम्मे जुने नियम सांगतात. माझा सरळ उपाय असा: पुस्तिकेतल्या लागतील त्या पानांचा मजकूरच त्याला द्यायचा आणि म्हणायचं, ‘यातलं वाहनतळाबद्दलचं सगळं सोप्या मराठीत सांग, प्रत्येक मुद्द्यापुढे मूळ वाक्य दे.’ कापड दिलं की ते पुन्हा शिंपी होतं.

### थकबाकीचं व्याज: ११७६ की २०१६?

इथे माझा मोह मला महागात पडता पडता राहिला. एका फ्लॅटचा एप्रिल ते सप्टेंबर असा सहा महिन्यांचा मेंटेनन्स थकलेला. बिल महिन्याला ३२०० रुपये, दर १ तारखेला देय. आमच्या उपविधीप्रमाणे थकबाकीवर वार्षिक २१ टक्के सरळ व्याज. ३० सप्टेंबरपर्यंतचं व्याज किती?

चॅटबॉटचं उत्तर आलं २०१६ रुपये, पायऱ्यांसकट. एकूण थकबाकी १९,२०० रुपये, दर २१ टक्के, काळ अर्धं वर्ष. गुणाकार अगदी बरोबर. पण जरा थांबा. सप्टेंबरचं बिल सहा महिने थकलेलं कसं असेल? एप्रिलचं बिल सहा महिने थकलं, मेचं पाच, जूनचं चार, असं करत सप्टेंबरचं एकच महिना. एका बिलावर एका महिन्याचं व्याज ५६ रुपये होतं. महिन्यांची बेरीज ६+५+४+३+२+१ म्हणजे २१. छप्पन्न गुणिले एकवीस, ११७६ रुपये. त्या सभासदाच्या माथी ८४० रुपये जास्तीचे मारून मी मोकळा झालो असतो, तेही पायऱ्या दाखवून.

पूर्वी या यंत्रांचा मोठ्या आकड्यांचा गुणाकारच चुकायचा, कारण तोही ‘पुढे काय येईल’ याच पद्धतीने केला जायचा. आता अनेक चॅटबॉट हिशेब आला की आतल्या आत एखादा छोटा प्रोग्राम चालवतात, म्हणून अंकगणित सुधारलं आहे. पण कॅल्क्युलेटर कितीही चांगला असला तरी कोणता हिशेब करायचा ते त्याला कोणीतरी सांगावं लागतं. चूक आता मांडणीत लपते, आणि ती गुणाकाराच्या चुकीपेक्षा सापडायला कठीण.

तरीही हे काम त्याच्याकडून करून घेता येतं, फक्त वेगळ्या तऱ्हेने. उत्तर मागायचं नाही, सूत्र मागायचं. ‘ब रकान्यात बिलाची रक्कम आहे, क रकान्यात किती महिने थकलं ते आहे, प्रत्येक ओळीचं सरळ व्याज काढणारं सूत्र दे.’ तो हे देतो:

```
=B2*21%/12*C2
```

ही एक ओळ मी समजू शकतो. पहिल्या ओळीत ३२०० आणि ६ घातले की ३३६ यायला हवेत. तोंडी पडताळता येतं. एकदा पटलं की सूत्र खाली ओढायचं आणि तळाला बेरीज. पुढची दहा वर्षं एक्सेल तीच बेरीज तशीच करणार, आज एक आणि उद्या दुसरी नाही.

### मोजायला सांगितलं की गडबडतं

पावसाळ्यात ग्रुपवर आलेल्या ६३ तक्रारी मी त्याला दिल्या आणि म्हटलं, विषयवार संख्या सांग. पाणी इतक्या, लिफ्ट इतक्या, गळती इतक्या, सुबक तक्ता आला. बेरीज केली, भरली ५८. पाच तक्रारी कुठे गेल्या ते त्यालाही सांगता येईना.

मग तेच काम फोडलं. आधी प्रत्येक तक्रारीपुढे एकच शब्द लिहायला सांगितला: पाणी, लिफ्ट, गळती, पार्किंग किंवा इतर. हे त्याने फार छान केलं. ‘वरच्या मजल्यावर आंघोळ सुरू झाली की आमच्या बेडरूममध्ये धबधबा’ यात गळती हा शब्दच नाही, तरी त्याने ती गळतीत टाकली. एक्सेलला हे जन्मात जमलं नसतं. मग ते शब्द एक्सेलमध्ये चिकटवले आणि मोजणी एक्सेलने केली. अर्थ लावायचं काम याचं, मोजायचं काम त्याचं.

मोजणी का जमत नाही? हे यंत्र लिहिताना मोजत जात नाही, पुढचा तुकडा तेवढा ठरवतं. शिवाय मजकूरही ते अक्षर-अक्षर पाहत नाही. शब्दांचे ठरावीक तुकडे करून पाहतं. त्या तुकड्याला टोकन म्हणतात. ‘चक्रव्यूह’ म्हणजे आपल्यासाठी च, क्र, व्यू, ह अशी चार अक्षरं. संगणकात हाच शब्द मूळ व्यंजनं, काना-मात्रांची चिन्हं आणि हलन्त धरून नऊ चिन्हांचा साठवला जातो. आणि मॉडेलच्या हाती येतात ते याहून तिसरेच तुकडे. म्हणून ‘दीडशे शब्दांत लिही’ म्हटलं की एकशे ऐंशी येतात. आमच्या एका काकूंना गणपतीचं निमंत्रण भुजंगप्रयातात हवं होतं. ओळीला बारा अक्षरं, ‘लघु गुरु गुरु’ चार वेळा, एवढाच नियम. पहिली ओळ बसली, दुसरीत चौदा अक्षरं. काकूंनी शेवटी स्वतःच लिहिलं.

### मराठीत विचारलं तर बिघडतं का?

थोडंफार. इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर त्याने कमी वाचलेला असतो, आणि पुष्कळ मॉडेल्समध्ये देवनागरीचे तुकडे जास्त बारीक पडतात. पत्र, सारांश या कामांत अर्थ सहसा सुटत नाही, पण बोली परकी होते. ‘सुनिश्चित करा’ हे हिंदीतून येतं. ‘मला आशा आहे की हा ईमेल आपल्याला कुशल अवस्थेत मिळेल’ हे कुठून येतं ते सांगायला नको. उपाय सोपा आहे: आपणच लिहिलेली जुनी दोन पत्रं नमुना म्हणून द्यायची. मग ‘सप्रेम नमस्कार, वि. वि.’ पासून सगळं वळणावर येतं. म्हणजे पुन्हा कापड आपलंच.

### चाळीस पानांचा प्रस्ताव

सध्या आमच्याकडे पुनर्विकासाचं वारं आहे. बिल्डरचा प्रस्ताव चाळीस पानांचा आला. कमिटीतल्या एका तरुण सभासदाने त्याचा एका पानात सारांश काढून आणला आणि तो मुळीच वाईट नव्हता: वाढीव क्षेत्रफळ, कॉर्पस, दरमहा भाडं, मुदत, सगळं बरोबर. सगळ्यांनी तेच वाचलं आणि खूश झाले.

सारांशात अडचण अशी असते की जे पुन्हा पुन्हा येतं, जे ठळक आहे, ते वर येतं. दर महिन्याला भाडं मिळणार, हे प्रस्तावात सहा-सात ठिकाणी होतं. ते कधी थांबणार, हे एकाच ठिकाणी, एका लांब वाक्याच्या शेपटीत. आणि जे प्रस्तावात मुळातच नाही, म्हणजे बँक गॅरंटी किती, काम अर्धवट राहिलं तर काय, ते सारांशात कुठून येणार? गैरहजर गोष्टी त्याला आपणहून क्वचितच दिसतात.

मग आम्ही सारांश बाजूला ठेवला आणि आधी कागदावर आमचे अकरा प्रश्न लिहिले. भाडं कोणत्या परिस्थितीत बंद होईल? बांधकामाचा नकाशा कोणाच्या संमतीने बदलता येईल? दंड कोणाला, किती? एकेक प्रश्न त्याला विचारला आणि अट घातली: ‘प्रस्तावातलं वाक्य शब्दशः दे, पान क्रमांक दे, नसेल तर “आढळले नाही” एवढंच लिही.’ प्रत्येक वाक्य आम्ही पीडीएफमध्ये Ctrl+F करून शोधलं. नऊ सापडली. एक त्याने दोन वाक्यं जोडून केलेलं होतं, ते शोधात लागलंच नाही, म्हणून कळलं. एकाला ‘आढळले नाही’, आणि ते बँक गॅरंटीचं होतं. तिथे मात्र त्याच्या शब्दावर न विसंबता दोघांनी चाळीस पानं डोळ्यांनी वाचली. नव्हतीच.

भाड्याचं वाक्य एकतिसाव्या पानावर निघालं: शासकीय परवानग्यांमुळे होणाऱ्या विलंबाच्या काळात भाडं देय राहणार नाही. येत्या रविवारी बिल्डरसोबत बैठक आहे, त्यात पहिला प्रश्न हाच आहे. तो ३०४ वाले काका विचारणार आहेत. इतिवृत्त मी लिहिणार आहे. टिपा हाताने आणि निर्णयाची ओळसुद्धा.